वडिलांना 'दे' म्हणायचं नाही, आणि 'एव्हरीवन'ला 'हिज' म्हणायलाच हवं असं नाही

साताऱ्यात इंग्रजीच्या वह्या तपासताना दोन वाक्यं हमखास भेटतात. पहिलं निबंधात असतं: "माय फादर इज अ फार्मर. दे गेट अप ॲट फाइव्ह." दुसरं सूचनेत किंवा पत्रात असतं: "एव्हरी स्टुडंट शुड ब्रिंग देअर टिफिन." पहिल्या वाक्यातला 'दे' पुष्कळदा तसाच सुटून जातो, कारण मराठी कानाला तो खटकत नाही. दुसऱ्यातल्या 'देअर'भोवती मात्र लाल गोल पडतो आणि वर 'हिज' लिहिलं जातं. खरं तर लाल गोल पहिल्याला हवा होता. दुसरं वाक्य बरोबर आहे.

एकाच सर्वनामाच्या बाबतीत आपण नेमकं उलटं का करतो, हे नीट पाहिलं तर इंग्रजीतला सर्वनामाचा मेळ बऱ्यापैकी उलगडतो. म्हणून या लेखात ही दोनच वाक्यं धरून चालतो.

आधी मूळ नियम. सर्वनाम कुणाच्या तरी जागेवर येतं. ज्या नामाच्या जागेवर ते येतं, त्याला इंग्रजी व्याकरणात 'अँटिसिडंट' म्हणतात. आपण 'मूळ नाम' म्हणू. मूळ नाम एकवचनी असेल तर सर्वनाम एकवचनी, अनेकवचनी असेल तर अनेकवचनी. एकवचनात आणखी एक गोष्ट बघायची: पुरुष असेल तर 'ही' आणि 'हिज', स्त्री असेल तर 'शी' आणि 'हर', वस्तू असेल तर 'इट' आणि 'इट्स'. अनेकवचनात हा फरक उरतच नाही. मुलगे असोत, मुली असोत की खुर्च्या, सगळ्यांना 'दे' आणि 'देअर'.

इथे मराठी मुलांचा एक जुना घोटाळा होतो, तो चटकन सांगून पुढे जातो. "सीता वेंट टू पुणे विथ हिज ब्रदर" असं वाक्य खूप जण लिहितात. कारण मराठीत आपण म्हणतो, 'सीता आपल्या भावाबरोबर गेली.' त्यातल्या 'आपल्या'वरून सीता बाई की पुरुष हे कळतच नाही. तो शब्द पुढच्या भावाशी जुळवून घेतो. मग मुलाच्या मनात भाऊ पुरुष, म्हणून 'हिज' असं बसतं. इंग्रजीत नजर मागे टाकायची असते. भाऊ कुणाचा? सीतेचा. सीता 'शी', म्हणून 'हर ब्रदर'. पुढे काय येतं याच्याशी इंग्रजी सर्वनामाला काही देणंघेणं नाही.

आता वडिलांकडे येऊ.

"माय फादर इज अ फार्मर. दे गेट अप ॲट फाइव्ह." हे लिहिणारा मुलगा निष्काळजी नाही. त्याची पूर्ण वही वाचली की एक गोष्ट दिसते. त्याच निबंधात पुढे "माय मदर इज अ हाउसवाइफ. शी कुक्स टेस्टी फूड" असं अगदी बरोबर लिहिलेलं असतं. कुत्र्याबद्दल लिहिताना 'ही' किंवा 'इट', धाकट्या बहिणीबद्दल 'शी'. चुकतात ते फक्त वडील, आजोबा, सर आणि मॅडम. म्हणजे वचनाचा नियम त्याला येतो. चूक फक्त तिथे होते जिथे मराठीत 'ते' किंवा 'त्या' म्हणावं लागतं. घरात 'आई आली' आणि 'बाबा आले' असं असतं. आईला 'ती', वडिलांना 'ते'. वहीतलं 'शी' आणि 'दे' ही त्याचीच सावली आहे.

मराठीत हे आदरार्थी अनेकवचन नुसतं सर्वनामात नसतं. 'बाबा शेतावर गेले आहेत, ते संध्याकाळी येतील' या वाक्यात क्रियापदंही अनेकवचनी झाली आहेत, आणि तरी कुणाला वाटत नाही की बाबा दोन आहेत. पूर्ण वाक्य एका सुरात असतं, म्हणून अर्थ ढळत नाही. इंग्रजीत मुलगा "माय फादर इज" असं एकवचनी क्रियापद बरोबर लिहितो, कारण ते पाचवीपासून घोकलेलं असतं. पुढच्या वाक्यात सर्वनामाची वेळ आली की मात्र घरचा आदर वर येतो. 'इज' आणि 'दे' एकाच माणसासाठी शेजारी शेजारी बसले, की समजायचं गडबड झाली. वहीत ही चूक शोधायची सर्वांत सोपी खूण तीच आहे.

इंग्रजी वाचणाऱ्याला यातून काय कळतं, ते महत्त्वाचं. "माय ग्रँडफादर वर्क्ड इन अ शुगर फॅक्टरी. दे रिटायर्ड लास्ट इयर." हे वाचणारा मागे जाऊन शोधतो की आजोबांबरोबर आणखी कोण निवृत्त झालं. आदर त्याच्यापर्यंत पोचत नाही, फक्त माणसांची संख्या वाढते. इंग्रजीत आदर सर्वनामात ठेवायची सोयच नाही. तो 'सर'मध्ये, 'मिस्टर' आणि 'मिसेस'मध्ये, 'वुड यू' आणि 'मे आय'मध्ये ठेवतात. राष्ट्रपती असोत नाहीतर वर्गातला मित्र, एका पुरुषाला 'ही' आणि एका स्त्रीला 'शी'. वडिलांना 'ही' लिहिताना मुलांचा हात अडखळतो, हे मला समजतं. म्हणून मी वर्गात सरळ सांगते: इंग्रजीतल्या 'ही'चं मराठी 'तो' असं करून बघूच नका. त्यात 'तो' आणि 'ते' दोन्ही मावतात.

इथवर 'दे' नको म्हणून झालं. आता तो कुठे हवा ते पाहू, आणि हा भाग जरा जास्त वेळ मागतो.

"एव्हरी स्टुडंट शुड ब्रिंग देअर टिफिन." लाल गोल मारणाऱ्याचं म्हणणं असं की 'एव्हरी स्टुडंट' एकवचनी आहे, म्हणून 'देअर' चालणार नाही. 'एव्हरी स्टुडंट'ला क्रियापद एकवचनी लागतं, हे शंभर टक्के खरं. "एव्हरी स्टुडंट हॅज अ बॅग" असंच म्हणतात, 'हॅव' नाही. 'ईच', 'एव्हरीवन', 'एनीवन', 'समबडी', 'नोबडी' या सगळ्यांचं तसंच. पण रूप एकवचनी असलं तरी यातल्या कुठल्याच शब्दाच्या मागे एक ठरावीक माणूस उभा नाही. 'एव्हरीवन' म्हणजे सगळे, एकेक करून मोजलेले. 'समबडी' म्हणजे कुणीतरी, ज्याचा चेहरा आपल्याला ठाऊक नाही.

हे नुसतं म्हणणं नाही, त्याचा पुरावा आपल्या शाळेतच आहे. क्वेश्चन टॅगचा धडा आठवा. "एव्हरीवन इज प्रेझेंट" याला टॅग काय? 'आरन्ट दे?' आपण सगळे हेच शिकलो आणि हेच शिकवतो. 'इजन्ट ही?' लिहिलं तर गुण जातो. आधी 'इज' आणि लगेच 'आर दे', दोन्ही 'एव्हरीवन'साठीच. म्हणजे टॅगच्या तासाला जे आपण नियम म्हणून शिकवतो, सर्वनामाच्या तासाला तेच चूक म्हणून खोडतो.

दुसरा पुरावा वाक्य थोडं लांबवून मिळतो. "एव्हरीवन क्लॅप्ड, अँड देन ही वेंट होम." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग तो घरी गेला. तो म्हणजे कोण? टाळ्या वाजवणारे नव्हेतच, दुसराच कुणीतरी. 'ही' एकवचनी आहे, 'एव्हरीवन'ही एकवचनी आहे, तरी त्यांचं जमत नाही. तिथे 'दे वेंट होम' म्हणावंच लागतं. यावरून दिसतं की 'एव्हरीवन'चं एकवचन क्रियापदापुरतं आहे. सर्वनामाशी जुळताना अर्थ पुढे येतो.

मग 'हिज'चा हट्ट आला कुठून? इंग्रजी भाषेतून आला म्हणावं, तर तसं नाही. चौदाव्या शतकात चॉसर 'जो कोणी' अशा अर्थाच्या शब्दानंतर 'दे' लिहितो. शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'मधलं एक पात्र म्हणतं की मला भेटणारा एकही माणूस असा नाही, जो मी त्याचा जुना मित्र असल्यासारखा नमस्कार करत नाही. मूळ इंग्रजीत 'नॉट अ मॅन' असं आहे आणि 'त्याचा'च्या जागी 'देअर' आहे. हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. तिथे स्त्री की पुरुष असा प्रश्नच नाही, शब्दच 'मॅन' आहे. 'हिज' अगदी सहज बसलं असतं. तरीही 'देअर' आलं, कारण 'एकही माणूस असा नाही' म्हणजे भेटणारे सगळेच. लिहिणाऱ्याने अर्थाशी मेळ घातला.

नियम नंतर, अठराव्या शतकात आला. इंग्रजीचं व्याकरण शाळांसाठी लिहून काढणारे लोक तेव्हा लॅटिनसारखी शिस्त शोधत होते. लिंडली मरे यांचं १७९५ सालचं व्याकरण पुढची कित्येक दशकं शाळांमधून चाललं. त्यात 'एनी वन'नंतर 'देअर' असलेलं वाक्य चुकीचं म्हणून दाखवून 'हिज' असं दुरुस्त केलं आहे. स्त्री की पुरुष हे माहीत नसेल तेव्हा पुल्लिंगी धरायचं, हे तत्त्वही त्याच काळात व्याकरणांत रुळलं. तीच पुस्तकं आणि त्यांच्यावरून तयार झालेली पुस्तकं आपल्याकडे आली.

आणि आपल्याला तो नियम पटलाही, कारण मराठीतही आपण 'प्रत्येक विद्यार्थ्याने' लिहून मुलीही त्यात धरतो. 'प्रत्येकाने आपापला डबा आणावा' या वाक्यात 'प्रत्येकाने' पुल्लिंगीच आहे. पण पुढचं 'आपापला' बघा. त्यातून डबेवाला मुलगा की मुलगी, काहीच कळत नाही, आणि सगळ्यांचे वेगवेगळे डबे हा अर्थ मात्र नेमका येतो. इंग्रजीत 'आपापला'चं काम करणारा वेगळा शब्द नाही. ते काम तिथे 'देअर' करतं.

'ही' सगळ्यांना लागू होतो की नाही, याची परीक्षा कायद्यात झालेली दिसते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ८ मध्ये मुद्दाम लिहावं लागलं की 'ही' हे सर्वनाम कोणत्याही व्यक्तीसाठी वापरलं आहे, मग ती पुरुष असो वा स्त्री. 'ही' ऐकून स्त्रीही त्यात आहे असं आपोआप कळत असतं, तर हे कलम लागलंच नसतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच व्याख्या आहे, फक्त पुरुष आणि स्त्री यांच्या जोडीला ट्रान्सजेंडर व्यक्तींचा उल्लेख आला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर उलट बाजू घेतली. त्यात सगळ्यांसाठी 'शी' आणि 'हर' वापरलं आहे आणि ते कोणत्याही लिंगाच्या व्यक्तीला लागू आहे, असं व्याख्येत सांगितलं आहे. कायद्याला अशी व्याख्या पहिल्या पानांवर देता येते. शाळेच्या नोटीसला नाही. मुलींच्या शाळेत "एव्हरी स्टुडंट मस्ट वेअर हिज युनिफॉर्म" असा कागद लागला, तर वाचणारी मुलगी थबकणारच.

'हिज' नको तर 'हिज ऑर हर' लिहा, असा एक मार्ग आहे. चूक नाही. एका वाक्यापुरता तो चालतोही. पण "एव्हरी स्टुडंट शुड कीप हिज ऑर हर बॅग व्हेअर ही ऑर शी कॅन सी इट" असं झालं की वाक्य वाचवत नाही. आणि ज्यांना यातलं काहीच लागू होत नाही, ते बाहेर राहतात ते वेगळंच.

मुलं इथे एक हमखास शंका विचारतात, आणि ती रास्त आहे. 'दे' एकासाठी वापरला, तर मग 'दे इज' म्हणायचं का? नाही. 'दे'बरोबर नेहमी 'आर', 'वेअर', 'हॅव'. "समबडी इज ॲट द डोअर. दे आर कॉलिंग यू." पहिल्या वाक्यात 'समबडी' कर्ता आहे म्हणून 'इज'. दुसऱ्यात 'दे' कर्ता आहे म्हणून 'आर'. माणूस एकच. हे विचित्र वाटत असेल तर 'यू' आठवा. समोर एकच माणूस असला तरी आपण 'यू आर' म्हणतो, 'यू इज' कधीच नाही. 'यू' मुळात अनेकवचनी. एकट्यासाठी इंग्रजीत 'दाउ' असा वेगळा शब्द होता. तो रोजच्या वापरातून गेला आणि 'यू'ने एकवचनाची जागा घेतली, पण क्रियापद स्वतःचं अनेकवचनीच ठेवलं. 'दे' त्याच वाटेने चालला आहे. 'यू'ला एकट्यासाठी 'युअरसेल्फ' मिळालं, तसं 'दे'साठी काही जण 'देमसेल्फ' लिहितात. औपचारिक लिखाणात मात्र अजून 'देमसेल्व्हज'च जास्त दिसतं, आणि परीक्षेत तेच लिहिलेलं बरं.

आता प्रत्यक्ष काम करून बघू. समजा साताऱ्यातल्या एका शाळेची सहल कासच्या पठारावर जाणार आहे आणि पालकांसाठी इंग्रजीत सूचना तयार झाली आहे:

"एव्हरी स्टुडंट मस्ट ब्रिंग हिज टिफिन अँड वॉटर बॉटल. इफ एनी गर्ल स्टुडंट फील्स सिक, दे शुड टेल देअर मॅडम. हेडमास्टर सर विल कम टू द गेट. दे विल चेक द लिस्ट. ईच पेरेंट शुड ड्रॉप हिज चाइल्ड बाय सिक्स. इफ पेरेंट्स कम लेट टू पिक अप स्टुडंट्स, दे विल वेट इन द ऑफिस."

प्रत्येक सर्वनामाला एकच प्रश्न विचारायचा: मूळ नाम कोणतं, आणि त्याच्यामागे मला बोट दाखवता येईल असा एक माणूस आहे का?

पहिलं वाक्य. मूळ नाम 'एव्हरी स्टुडंट'. बोट दाखवण्यासारखा एक माणूस? नाही, मुलं-मुली सगळेच. म्हणून "एव्हरी स्टुडंट मस्ट ब्रिंग देअर टिफिन". ज्यांना हे नको असेल त्यांनी नामच अनेकवचनी करावं: "ऑल स्टुडंट्स मस्ट ब्रिंग देअर टिफिन्स". मग तक्रारीला जागाच उरत नाही. पण तसं करताना डबेही अनेकवचनी करायला विसरू नये, नाहीतर सगळ्यांत मिळून एकच डबा असल्यासारखं वाटतं.

दुसरं वाक्य. 'एनी गर्ल स्टुडंट'. कोणती मुलगी हे माहीत नाही, पण मुलगी आहे हे शब्दातच आलं. इथे "शी शुड टेल हर टीचर" हे स्वच्छ. 'दे'ही कुणी चूक म्हणणार नाही, पण जे माहीत आहे ते सांगितलेलं चांगलं. खरा प्रश्न मात्र वेगळा आहे. यवतेश्वरच्या घाटातल्या वळणांवर मळमळायला मुलगीच असावं लागत नाही. तेव्हा 'गर्ल' काढून टाका: "इफ अ स्टुडंट फील्स सिक, दे शुड टेल अ टीचर." आता मुलगा की मुलगी हे ठरलेलं नाही, म्हणून 'दे' अगदी जागेवर बसला. 'मॅडम'चं 'टीचर' केलं, कारण सहलीला सरही असतात.

तिसरं आणि चौथं. 'हेडमास्टर सर'. बोट दाखवता येतं, एकच आहेत, पुरुष आहेत. 'दे' नाही, "ही विल चेक द लिस्ट". हाच तो आदराचा 'दे'. एकाच कागदावर 'स्टुडंट'चा 'दे' राहतो आणि हेडमास्टरांचा जातो, आणि दोन्हींचं कारण त्या एकाच प्रश्नाचं उत्तर आहे.

पाचवं. 'ईच पेरेंट'. मुलांना सोडायला आया जास्त येतात की वडील, याच्याशी कर्तव्य नाही. कुणीही येऊ शकतं. "देअर चाइल्ड".

सहावं वाक्य सर्वांत धोक्याचं आहे, आणि त्यात व्याकरणाची चूक नाहीच. 'पेरेंट्स' अनेकवचनी, 'दे' अनेकवचनी, मेळ पक्का. पण मागे दोन अनेकवचनी नामं आहेत: 'पेरेंट्स' आणि 'स्टुडंट्स'. ऑफिसात थांबणार कोण? उशिरा येणाऱ्या पालकांनी थांबायचं, की मुलांना तिथे बसवून ठेवणार? संध्याकाळी मूल शोधत आलेल्या पालकाला याचं उत्तर हवं असतं. इथे 'दे' बदलून काही होणार नाही, नाम परत लिहावं लागेल: "इफ पेरेंट्स आर लेट, द स्टुडंट्स विल वेट इन द ऑफिस." 'दे' एकासाठीही येतो आणि अनेकांसाठीही, त्यामुळे असा गोंधळ त्याच्याबाबतीत जास्त होतो. 'दे' लिहिल्यावर मागे त्याच्यावर हक्क सांगणारी दोन नामं दिसली, तर त्यातलं एक नाम पुन्हा लिहिण्यात कमीपणा नाही. मराठीतही आपण तेच करतो.

'दे'चा आणखी एक वापर आता इंग्रजीत स्थिरावला आहे. काही व्यक्ती स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी काहीच मानत नाहीत आणि आपल्यासाठी 'दे' वापरा असं सांगतात. तिथे बोट दाखवता येईल असा एक माणूस समोर असतो, नाव माहीत असतं, आणि तरी 'दे' बरोबर ठरतो, कारण त्या व्यक्तीने तो निवडलेला असतो. मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशाने २०१९ साली हा अर्थ नोंदवला. त्याच वर्षी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनशैलीच्या सातव्या आवृत्तीने दोन्ही ठिकाणी, म्हणजे व्यक्ती अनोळखी असताना आणि व्यक्तीने स्वतः सांगितलं असताना, एकवचनी 'दे' वापरावा असं सुचवलं. आपल्या विद्यापीठांतले पुष्कळ शोधनिबंध याच शैलीत लिहिले जातात, त्यामुळे हे लांबचं प्रकरण राहिलेलं नाही. वडिलांच्या 'दे'शी मात्र याची गल्लत करू नये. तिथे वडिलांनी काही सांगितलेलं नसतं, मराठीच आपल्या वतीने बोलत असते.

संघ, समिती, कंपनी अशा शब्दांबद्दल एवढंच: ते एक म्हणून काम करत असतील तर 'इट', आतली माणसं वेगवेगळी दिसत असतील तर ब्रिटिश वळणात 'दे'. "द कमिटी हॅज गिव्हन इट्स रिपोर्ट", पण "द कमिटी आर टेकिंग देअर सीट्स". दोन्ही मिसळून "हॅज... देअर" असं करू नये.

राहता राहिली परीक्षा. स्पर्धा परीक्षांच्या जुन्या वळणाच्या प्रश्नांत 'ईच', 'एव्हरी', 'एनीवन' यांच्यापुढचं 'देअर' अजूनही चूक धरलेलं सापडतं आणि उत्तरात 'हिज' असतं. तिथे वाद घालायला जागा नसते, म्हणून पर्याय नीट वाचावेत. बाकी वाक्यात क्रियापदाची किंवा अव्ययाची सरळ चूक असेल, तर तीच धरावी आणि 'देअर' सोडून द्यावं. दुसरी कुठलीच चूक दिसत नसेल आणि मूळ नाम 'ईच' किंवा 'एव्हरी'चं असेल, तर प्रश्न काढणाऱ्याला 'हिज' हवं आहे असं धरायला हरकत नाही. "ईच ऑफ द बॉइज हॅज डन हिज वर्क" यासारखं वाक्य असेल तर शंकाच नाही, तिथे मुलगे आहेत हे सांगितलेलं आहे. पत्रलेखनात आणि निबंधात, जिथे वाक्य आपलं असतं, तिथे नाम अनेकवचनी करून टाकावं: 'एव्हरी सिटिझन'ऐवजी 'ऑल सिटिझन्स', मग 'देअर'. तपासणारा जुन्या नियमाचा असो की नव्या, दोघांनाही ते बरोबरच दिसतं. आणि त्याच निबंधात वडील आले, तर 'ही'.